मंगळवार-शुक्रवारची काळीपिवळी

माझी आत्या इंदू रायपूरची. सदर बाजारामागच्या गल्लीत वाढलेली, घराबाहेर पाऊल टाकलं की रिक्षा, अशी तिची सवय. लग्न करून ती गोंदिया जिल्ह्यातल्या कोसमटोल्याला गेली. चिचगडच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. तिथे तिच्या नवऱ्याची, वासुदेवमामांची, पिठाची चक्की होती. गावात एकच एसटी यायची, मुक्कामी. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि उजाडताच गाडी देवरीकडे निघायची. संध्याकाळी आली नाही, तर सकाळी नाहीच. मग उरायच्या काळ्यापिवळ्या, म्हणजे सीटावर चालणाऱ्या जीपा. त्या भरल्या की सुटतात. नाही भरल्या तर माणसं उन्हात वाट बघतात.

बरीच वर्षं आत्याला याचं काही वाटलं नाही. गोंदियाला वर्षातून दोनदा जायचं, त्यात काय. मग मामांची किडनी गेली. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसचा नंबर लागला, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारची पाळी. पाळी चुकली की मशीन दुसऱ्याला जातं.

आमच्या बाबांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, दोघं रायपूरला या, तेलीबांध्याकडे खोली बघून देतो. मामा ऐकेनात. लागलेला नंबर सोडून परक्या ठिकाणी पुन्हा रांगेत उभं राहायची त्यांना भीती वाटायची. आणि चक्की बंद करायची नव्हती.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. एसटी आली नाही की दोघं पाराजवळ जीपमध्ये बसून राहायची. निरंजन नावाचा माणूस ती जीप चालवायचा. स्वभावाने बरा, पण अर्ध्या गाडीवर देवरी गाठली तर डिझेलही निघत नाही, हे तो स्पष्ट सांगायचा. मामांना पाणी मोजून प्यायचं असे, आणि त्या उन्हात घसा कोरडा पडायचा. त्यांच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी नस जोडलेली होती. त्या हातावर दाब पडून चालत नाही. म्हणून आत्या नेहमी त्यांच्या डावीकडे बसायची आणि गर्दीचा रेटा स्वतःच्या खांद्यावर घ्यायची.

एकदा जीप भरेपर्यंत इतका उशीर झाला की पुढे देवरीला गोंदियाची गाडी चुकली आणि मशीनही गेलं. त्या दिवशी आत्या घरी येऊन रडली नाही. दुसऱ्या दिवशी चक्कीवर बसली आणि दळायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, तुमचं देवरीला, गोंदियाला काय काम आहे, आणि कधी जाणार. गावात काम नसलेला माणूस नसतो. कुणाचा तहसीलमध्ये दाखला अडलेला, कुणाचं बँकेत आधार जोडायचं राहिलेलं, कुणाच्या पोरीची सिकलसेलची गोळी संपलेली. आत्या सगळ्यांना एकच सांगायची, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी चला, गाडी सकाळीच भरते. आदल्या संध्याकाळी टेकडीवर रेंजमध्ये जाऊन ती आसपासच्या टोल्यांवर, वस्त्यांवर फोन करून पक्कं करायची. दोन महिन्यांत अशी सवय पडली की त्या दोन दिवशी निरंजनची जीप सूर्य वर यायच्या आत निघू लागली. लोक तिला डायलिसिसची गाडी म्हणू लागले. मामांची पाळी चुकेनाशी झाली.

तसं वर्ष गेलं. मग उन्हाळ्यात पलीकडच्या रस्त्यावर एक जीप उलटली. टपावर, मागच्या शिडीवर माणसं होती. तपासणी सुरू झाली. जास्तीची सीट दिसली की गाडी जमा. सगळ्या काळ्यापिवळ्या घरामागे गेल्या. त्यातच नाल्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, खोदून ठेवलेली, म्हणून मुक्कामी एसटी चिचगडहूनच परत फिरू लागली. मंगळवार बुडाला. गुरुवारपर्यंत मामांचे पाय, चेहरा सुजले आणि आडवं झालं की श्वास अडकू लागला. अँब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. केव्हा येईल सांगता येईना.

आत्या निरंजनच्या अंगणात गेली. तो म्हणाला, "वहिनी, गाडी धरली तर सोडवायले मी कुठून आणू? घर यावरच आहे माझं."

"जास्तीचे नको घेऊ," आत्या म्हणाली. "पासिंगमध्ये, कागदावर, जेवढ्या सीट आहेत तेवढेच घे. लांबच्या कच्च्या वाटेने मोरी टाळून जाऊ. डिझेलचं लोकं भागवतील, मी बोलते."

त्याने जीपवरची ताडपत्री काढली. "हव, उद्या काढतो," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी ठरलेली माणसं आली. आत्याने ज्यांना थांबवणं शक्य होतं त्यांना थांबवलं होतं. तरी जीप भरल्यावर शेजारच्या टोल्यावरची पूर्णिमा आली, सासूचा हात धरून. आठवा महिना. डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तपासायला येणाऱ्या आशाताईंनी आजच्या आज गोंदियाला न्या म्हणून सांगितलेलं. तिला या गाडीची खबरच कुणी दिली नव्हती.

निरंजनने आत्याकडे बघितलं. पुढे नाक्यावर पोलीस होते, एकही सीट वाढवायची त्याची तयारी नव्हती. जीपमधले लोक खाली मान घालून बसले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. लोकेश नावाच्या तरुणाच्या मांडीवर तापाने फणफणलेली मुलगी होती. कुणाला उतर म्हणणार?

आत्या उतरली. सासूला मागे ठेवून पूर्णिमाला तिने मामांच्या डावीकडे बसवलं आणि सांगितलं, "हा हात कोणाले लागू देऊ नको. झोप लागली तरी नको."

मामांनी दाराची कड धरली. इतक्या महिन्यांत ते एकटे कधी गेले नव्हते. "तू नाही येत काहून?" त्यांनी विचारलं. आत्याने त्यांची बोटं कडेवरून सोडवून दार लावलं. निरंजनने गाडी सुरू केली.

तो दिवस कसा गेला ते ती अजून नीट सांगत नाही. चक्की उघडली, कुणाचं पीठ जाडं, कुणाचं बारीक, सगळं चुकलं. रेंज टेकडीवर मिळायची, तिथे जाऊन बसली. दुपार उलटून गेल्यावर लोकेशचा फोन लागला. नाक्यावर गाडी थांबवली, माणसं मोजली आणि सोडली. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला होता, पण मामांचा श्वास बघून त्यांना थेट आत घेतलं. पूर्णिमाला बीपी फार वाढलेलं म्हणून दाखल केलं. त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली, लहानखुरी, पण दोघी वाचल्या.

मामा परत आले तेव्हा आत्याने चक्की विकायची ठरवली. ते भांडले, मग दमून गप्प झाले. आता दोघं गोंदियात दवाखान्याजवळच्या एका खोलीत राहतात. डायलिसिसला पायी जाता येतं. मामांची तब्येत फार चांगली नाही, पण पाळी बुडत नाही.

मागच्या महिन्यात मी रायपूरहून तिला भेटायला गेले. तिला कोसमटोल्याहून फोन आला होता. मोरी अजून झाली नाही. आत्या निघून आल्यावर सकाळची जीप काही दिवस चालली, मग भरेना. निरंजन आता देवरी-आमगाव लाईनवर चालवतो. सिकलसेलच्या त्या पोरीला दोन महिने गोळ्या मिळाल्या नाहीत.

"मी इथून फोन करून पाहिले," आत्या म्हणाली. "कोणी जमत नाही. समोर असलं की लोकं ऐकतात. फोनवर हव हव म्हणतात अन् येत नाहीत."

आत मामा खोकले. ती उठून त्यांची उशी उंच करायला गेली.