आकडा पाठ नाही, पण काढू

पूल बांधण्यात सव्वीस वर्षं घालवलेल्या इंजिनिअरबाई शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायला आल्या, तेव्हा प्लेसमेंटच्या मुलाखती आठवड्यावर आल्या होत्या. वर्गात सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते.

"पहिल्या मुलाखतीत माझी बोबडीच वळली होती," त्यांनी सुरुवातच अशी केली. "चारशे प्रश्न पाठ केले होते, त्यांनी नेमका वेगळाच विचारला. म्हणून सांगते, घोकंपट्टी सोडा. स्वतःचा प्रोजेक्ट मुळापासून समजून घ्या, मित्राला समोर बसवून मोठ्याने समजवा आणि आदल्या रात्री नीट झोपा. अडलात, तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. पण तिथेच थांबू नका."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, शंभर मीटरचा पोलादी पूल थंडीत किती आखडतो?"

वर्ग हसला.

"आकडा पाठ नाही," म्हणत बाईंनी खडू उचलला. "पण काढू. तापमान एक अंशाने उतरलं, की पोलाद मीटरमागे साधारण बारा मायक्रोमीटर आखडतं. फरक तीस अंशांचा धरू." गुणाकारात त्या एकदा चुकल्या. पुसून पुन्हा केला. "छत्तीस मिलिमीटर."

"मुलाखतीत असं चुकलेलं चालतं?" मुलीने विचारलं.

"चूक दिसल्यावर न गडबडता दुरुस्त केलीत, तर चालतं. आता मुलाखती घेताना मी तेच बघते."

मुलगी खाली बसली नाही. "मग आता मला विचारा," म्हणाली आणि फळ्याशी आली.