चौदा सेकंदांची पट्टी

ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. ताईंकडे माझ्यासारखीच मदतनीस; सिंदी मेघेहून लूनावर यायची, उशिरा यायची, आणि ताई तिला त्यावरून चकार शब्द बोलायच्या नाहीत. मी मात्र दोन महिने ताईंच्या नालवाडीच्या घरी बसून म्हाताऱ्या सुइणींच्या मुलाखती शब्दन्‌शब्द उतरवल्या होत्या. टीव्हीवर कॅसेट लावायची, ऐकायचं, लिहायचं, आणि चित्राखाली पळणारा टाइमकोड समासात टिपायचा, म्हणजे कोणतं वाक्य टेपवर कुठे आहे ते सापडतं. बोटं दुखायची.

ताई माहितीपट करायच्या. "मशीनले हात लावाच्या आधी पिच्चर कागदावर दिसला पाह्यजे," हा त्यांचा नियम. उताऱ्याच्या झेरॉक्स कापायच्या आणि एकेका वाक्याची पट्टी जमिनीवर क्रमाने लावायची. त्यांनी आम्हा दोघींना एकेक खोली दिली. जिची जुळणी सरस, ती त्यांच्यासोबत नागपूरला एडिटिंगला बसणार. मला तिथे बसायचंच होतं. हक्क माझा होता.

मी विषयवार लावलं: बालपण, पहिलं बाळंतपण, गावात दवाखाना आल्यावरचे दिवस. अगदी नीटनेटकं, शाळेतल्या निबंधासारखं. मग तिच्या खोलीत डोकावले. तिने थेट हिंगणीच्या सुइणीपासून सुरुवात केली होती. "ते लेकरू रडलंच नाई." त्याखालच्या पट्टीवर एकही वाक्य नाही, फक्त टेपचा नंबर, टाइमकोड आणि 'गप्प, चौदा सेकंद'. मग, "घरी आली न भाकरी टाकल्या." माझ्या उताऱ्यात ही दोन वाक्यं एकाखाली एक होती. बाई बोललीच नाही, तर लिहायचं काय?

"हे कुठून काढलं वं?" मी विचारलं.

"टेप पाह्यली. म्हातारी येवढ्या लवकर भाकरीवर काऊन आली, ते कागदावर मले समजतच नव्हतं."

ती पाणी प्यायला गेली. मी ती चौदा सेकंदांची पट्टी उचलून पर्समध्ये टाकली.

"पंख्यानं उडाली असन," ती परतल्यावर मी म्हणाले. तिने शोधलीसुद्धा नाही. वहीत टाइमकोड पाहून दुसरी लिहिली.

नागपूरला तीच गेली. वर्ध्यात माहितीपट पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्या चौदा सेकंदांत सभागृहात कोणी खोकलंही नाही. शेवटी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी हात मांडीखाली दाबून बसले होते. तिच्याइतका राग मला आजवर कोणाचाच आला नसेल.

पट्टी अजून माझ्याकडे आहे. ती टेप तिच्याआधी मीच पाहिली होती. म्हातारी गप्प झाली, तेव्हा उगाच वेळ जायला नको म्हणून मी फॉरवर्डचं बटण दाबलं होतं.