दीड मिनिटात स्वतःबद्दल

घरी पाहुणे जमले की माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूची नक्कल मी करून दाखवतो. चुलतभावाच्या लग्नातला टाय, बहिणीने बांधलेला, कसाबसा छातीपर्यंत पोचणारा. एवढ्यावरच मुलं लोळायला लागतात. मग मी चहा मागतो आणि विषय संपवतो. पुढचं कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळवलीतल्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ट्रेनी केमिस्टची एकच जागा निघाली होती. शेतं केव्हाच कारखान्यांखाली गेली होती. वडील खाडीत जाळं टाकायचे आणि दिवसेंदिवस हलकं जाळं घेऊन परत यायचे. ती जागा मला हवी होती म्हणजे हवीच होती.

कॉलेजच्या सरांनी तयारी करून घेतली. "पहिला प्रश्न ठरलेला. टेल मी अबाउट युवरसेल्फ. आत्मचरित्र लावायचं नाही. शिक्षण काय, स्वतःच्या हातानं काय केलंस त्याचं एक उदाहरण, आणि ही नोकरी का. दीड मिनिट. वडील काय करतात, भावंडं किती, हे नको. तू काय मुलगी बघायला चाललेला नाहीस."

उदाहरणापाशी माझं घोडं अडलं. क्रिकेट चालेल का, असं विचारल्यावर सरांनी कपाळाला हात लावला. शेवटी भीत भीत सांगितलं, की गावामागच्या नाल्याचं पाणी मी वर्षभर तपासतोय. कॉलेजच्या लॅबमधले उरलेले पीएच पेपर आणायचे, बुडवायचे, रंग जुळवून आकडा वहीत लिहायचा. सर उडालेच. "अरे, हे दुसऱ्या कुणाकडे नसणार! हेच सांग." सर डोंबिवलीचे. आमचा नाला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

वडिलांनी पाहिला होता. मी टाय सावरत निघालो तेव्हा ते जाळं शिवत बसले होते.

"त्या नाल्याचं बोलू नको पोरा. कंपनीची मानसं हायत ती."

"बाबा, एवढ्या कंपन्या आहेत इथे. यांचाच नाला कशावरून?"

"कुनाचा पन आसल," ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

कंपनीच्या व्हरांड्यात आम्ही अकरा जण होतो. हवेत एक आंबूस वास होता, ओळखीचा. कुठला ते आठवेना. खरं तर मी आठवून बघितलंच नाही. एकेक जण आत जायचा, पाच मिनिटांत बाहेर यायचा आणि कुणाकडे न बघता गेटकडे निघून जायचा. माझा नंबर शेवटून दुसरा.

आत दोघं होते, पर्सोनेल मॅनेजर आणि लॅबचे प्रमुख. प्रश्न तोच आला. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला पार अडकलो.

"मराठीत बोला हो," लॅबचे साहेब म्हणाले. चांगले वाटले मला.

मग काय, माझी गाडी सुटली. वही, पेपर, रंग. "एरवी आकडा सहा-सात असतो सर. पण शनिवारी दुपारी एकदम दोनवर उतरतो, म्हणजे चक्क ॲसिड. दर शनिवारी."

पर्सोनेल मॅनेजरांचं लिहिणारं पेन थांबलं.

"कुठला नाला?"

"आमच्या गावामागून खाडीला जातो तो."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीखालून एक जाड पाईप बाहेर गेला होता, आमच्या गावाच्या दिशेने. व्हरांड्यातला तो वास आमच्या नाल्याचाच होता.

"ती वही कुणी पाहिलीय?" मॅनेजरांनी विचारलं.

"कुणी नाही सर."

"गावात कुणी?"

"नाही सर."

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण सरांनी घोटून घेतलेला तिसरा भाग शिल्लक होता, आणि पाठ केलेलं अर्धवट सोडायची मला सवय नाही. "म्हणून मला ही नोकरी हवी आहे," मी म्हणालो. "मला तपासणीच्या कामाची आवड आहे."

पर्सोनेल मॅनेजर पहिल्यांदाच हसले. "सोमवारी या. ओरिजिनल सर्टिफिकेट्स आणा. आणि ती वही."

घरी आईने देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी विचारलं, "नाल्याचं बोललास?"

"बोललो. तरी घेतलं मला."

"मंग कशासाटी घेतला तुला?"

मी टाय सोडायला लागलो. उत्तर मला खिडकीपाशीच समजलं होतं.

सोमवारी मॅनेजरांनी प्रत्येक सर्टिफिकेट झेरॉक्सशी ताडून पाहिलं आणि एकेक करून मला परत दिलं. वही चाळली, शनिवारच्या आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि ती ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली. मग नेमणुकीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं.

मी सही केली. वही मागितली नाही.