एका बाईची दोन नावं आणि बँकेची फी

लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं. नाव माझ्या आईने निवडलेलं, अक्षर तेवढं माझं. तिची डिग्री, पासपोर्ट सगळं मात्र माहेरच्या नावाचंच राहिलं. न्यू जर्सीत आल्यावर इस्पितळाच्या लॅबमध्ये ती त्याच नावाने नोकरीला लागली. सासरच्या नावाने हाक मारणारे इथे मी आणि चार मराठी घरं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही आयसेलिनजवळ एक छोटं घर पाहिलं. तिला फार आवडलं होतं. कर्जाचा फॉर्म भरताना ती म्हणाली, "अहो, माझं नोकरीवरचं नाव लिहा हं." मला उगाच झोंबलं. "घर माझ्या नावाचं, तर बायकोही माझ्या नावाची," असं म्हणून मी टेचात सासरचं नाव लिहिलं. मी बोट ठेवलं तिथे तिने आपली नेहमीची, कुणालाच न वाचता येणारी सही केली. प्रोसेसिंग फीचे तीनशे डॉलर तिच्या ओव्हरटाइममधून गेले.

बँकेचं मंजुरीचं पत्र आलं. अट एकच, दोघांच्या नोकरीची खातरजमा व्हायला हवी. माझ्या कंपनीने माझी दिली. इस्पितळाने बँकेला कळवलं, की या नावाची कोणी बाई आमच्याकडे काम करत नाही. बँकेने मंजुरी रद्द केली, आणि आम्ही धावाधाव करेपर्यंत घरमालकाने दुसरं गिऱ्हाईक गाठलं.

घर गेलं. निदान फी तरी सोडायची नाही, असं मी ठरवलं. मंजुरीच्या पत्रातच लिहिलं होतं, की बँकेने मंजुरी मागे घेतल्यास फी परत मिळेल, घराच्या मूल्यांकनाचा खर्च तेवढा कापून. पण अर्जदाराने जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल, तर एक सेंटही मिळणार नाही.

त्या 'जाणूनबुजून'पाशी माझं पेन अडलं. मग मी परताव्याच्या पत्रात लिहिलं, 'आमच्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. माझ्या पत्नीने गैरसमजुतीने आपलं घरातलं नाव सांगितलं.' पहिलं वाक्य खरं, दुसरं धडधडीत खोटं. अर्ज दोघांचा, म्हणून पत्रावरही सही दोघांची लागणार होती. तिने ते उभ्यानेच वाचलं, सही केली आणि भाजी चिरायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी हुशार आहे.

आठवड्याने बँकेने दोघांनाही बोलावलं. कर्ज विभागातली बाई पन्नाशीची, चष्मा साखळीला लावलेला. तिने फॉर्म आमच्यासमोर ठेवला. बायकोचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, बरोबर होता, ती म्हणाली, म्हणून लबाडीचा हेतू दिसत नाही. पण नाव मुद्दाम बदललं का, ते विचारावंच लागेल. मग ती माझ्या बायकोकडे वळली.

"तुमचं खरं नाव कोणतं?"

बायकोने माहेरचं नाव सांगितलं. क्षणाचाही विचार केला नाही.

"मग हे दुसरं तुम्हीच सांगितलंत?"

मी फॉर्मकडे पाहत होतो. अक्षर माझं, जाड आणि आडदांड. बोलायची हीच वेळ होती, आणि मी फॉर्मचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसलो.

"हो, मीच," बायको म्हणाली. "चूक माझी. घाईत लक्षात आलं नाही."

त्या बाईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती काय समजायचं ते समजली असावी. तरी तिने शेरा लिहिला, 'अनवधानाने झालेली चूक', आणि परतावा मंजूर केला. गाडीत मी म्हणालो, "सुटलो बाई एकदाचे!" त्या वाक्याची मला आज चाळीस वर्षांनीही लाज वाटते. सुटलो होतो मी. खोटी पडली होती ती.

दहा दिवसांनी चेक आला, मूल्यांकनाचा खर्च वजा करून. बँकेने तो फॉर्मवर होता तसाच काढला होता, माझ्या आणि तिच्या सासरच्या नावाने. बँकेच्या खिडकीवरची टेलर म्हणाली, चेकच्या मागे आधी छापलंय ते नाव सुवाच्य लिहा, मग खात्यावरचं लिहा.

मी माझी सही करून चेक तिच्यापुढे सरकवला. तिने पेन टेकवलं आणि ती थांबली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. चेक उलटून तिने पुढची पुसट छपाई पाहिली, पुन्हा मागे वळवला, पुन्हा पुढची बाजू पाहिली. मग टेलरला कळू नये म्हणून मराठीत, हळू आवाजात मला विचारलं,

"अहो, हे मधलं अक्षर काय आहे? माझं नाव तुम्ही इंग्रजीत कसं लिहिता?"