आईच्या डब्यांची स्टिकरं

रहाटणीतल्या आमच्या स्टिकरच्या दुकानात मी गिऱ्हाइकांना रोज बजावते, "कापाची रेघ अक्षराला चिकटवू नका." आणि स्वतःच्या आईच्या वेळी मीच ती चिकटवली!

आई जाऊन वर्ष झालं होतं. तिनं हातानं लिहून डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाफेनं पुसट होत चालल्या होत्या. मेथी, तीळ, खसखस, साखर. ते अक्षर गेलं की स्वयंपाकघरातून आईच गेली, असं मला वाटायचं. म्हणून बाराही चिठ्ठ्या मी स्कॅन केल्या. संगणकावर छपाई एका थरावर ठेवली आणि कापाची रेघ वेगळ्या थरावर. ही रेघ छापली जात नाही, ती फक्त पात्याला वाट दाखवते. पण बाराच्या बारा एकाच पानात बसवायचा हट्ट धरला. समास नाही, दोन स्टिकरांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर. साखरेच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. तीही मी जागेपायी उडवली.

मशीनवरचे काका जुने रहाटणीकर. पान बघून म्हणाले, "ताई, पातं अर्धा मिलिमीटर हालतंय. एवढ्यात न्हाई भागायचं."

"लावा हो काका, मला शिकवू नका!" मी फणकारले.

व्हायचं तेच झालं. आईची शिरोरेघ शब्दाच्या पुढं लांब जायची, तिची टोकं छाटली गेली. एक स्टिकर सोलायला गेले तर शेजारचंही उचलून आलं.

घरी बाबांनी पान उजेडात धरलं. "साखरेचं अर्धंच आणलंस?"

"ती ओळ कशाला हवी होती, बाबा?"

"ह्यांना अर्धाच चमचा," बाबांनी ती पाठ म्हणून दाखवली. "अगं, सगळ्या डब्यांत तिनं माझ्याबद्दल लिहिलेलं तेवढंच आहे."

मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी काकांची माफी मागितली आणि दोन पानं केली. अक्षराभोवती तीन मिलिमीटर मोकळे, दोन स्टिकरांमध्ये पाच. कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा फडकं फिरवताना आधी उचकटतो. साखरेची दुसरी ओळ जागेवर आली. पात्यानं वरचाच थर कापला, खालचा कागद शाबूत राहिला.

"व्हय, आता कसं!" काका म्हणाले.

बाबांनी साखरेचं स्टिकर स्वतः लावलं, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले. मग चहाला साखर घ्यायला डबा उघडला. आई गेल्यापासून ते दोन चमचे घेत होते, मी बोलून थकले होते. त्यांनी चमचा भरला, डब्यावर नजर टाकली आणि अर्धी साखर परत डब्यात सोडली.