हळदीच्या फोटोखालचा मजकूर

छायाचित्र माणसाला अमर करतं, असं मी नोकरीतली सगळी वर्षं वर्गात सांगत आलो. माझा मुलगा लग्नांचे फोटो काढायचा. श्रावणात आठ दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तो गेला, तेव्हा बॅनरवर लावायला घरात त्याचा एक धड फोटो सापडला नाही. शेवटी गाडीच्या लायसन्सवरचा मोठा करून घेतला. त्यात तो कुणीतरी दम दिल्यासारखा दिसत होता. मुरबाडच्या नाक्यावर तो बॅनर तेरा दिवस होता, आणि मी तेरा दिवस दुसऱ्या रस्त्यानं बाजारात गेलो.

फोटो नसण्याचं कारण सुनेनं नंतर सांगितलं. लग्नाला दोघं जायचे. तो मांडवात, वराती-बिरातीत, स्टेजवर, ती बायकांत. दोन कॅमेरे एका घरात फिरले की एकाच्या फोटोत दुसरा येतोच, कधी पाठ, कधी कोपर, कधी डोळ्याला लावलेला कॅमेरा. असे फोटो गिऱ्हाइकाला द्यायचे नसतात. ती घरी आल्यावर पहिल्यांदा तेच पुसायची. म्हणजे सहा वर्षं ती दर रविवारी आपल्या नवऱ्याला बसून पुसत होती आणि त्याला ते माहीत होतं. तोही तिला पुसायचा.

गणपती झाल्यावर तिनं सांगितलं की ती काम सोडणार नाही. लॅपटॉप, कॅमेरा, लेन्सा सगळं आहे, हात बसलेला आहे. पण तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि लोक तारखा त्याच्या बऱ्याच आधी ठरवतात. दुकान बंद झालं असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. पेजवर शेवटची पोस्ट ज्येष्ठातली होती. तिथं एक पोस्ट टाकायला हवी होती, काम कसं आहे ते दाखवणारी आणि तारखा मोकळ्या आहेत हे सांगणारी. मजकूर तुम्ही लिहा, बाबा, असं ती म्हणाली. मराठीचा निवृत्त मास्तर घरात असताना दुसरं काय म्हणणार.

मी आधी इतर फोटोग्राफरांच्या पोस्टी वाचून काढल्या. सगळेच क्षण जपत होते. कुणी ते विणत होतं, कुणी कैद करत होतं, एक तर क्षणांना पंख देत होता. मला त्यांची गंमत वाटली. लग्नपत्रिकांतलं 'आग्रहाचे निमंत्रण' आणि 'आमच्या लाडक्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' मी आयुष्यभर चेष्टेत काढलं आहे. नवरदेवाच्या हातातली भाड्याची तलवार म्यानातून निघत नाही, हे मी लग्नालग्नांत आवर्जून पाहून येतो. असा माणूस काय लिहील, तर निदान वेगळं काहीतरी लिहील.

मी लिहिलं ते असं: 'त्यानं पेटवलेला दीप विझलेला नाही. त्याची नजर आता तिच्या हातात आहे. एका कलावंताचा वारसा त्याची सहधर्मचारिणी पुढे नेत आहे. आपल्या मंगल कार्यात आम्हाला सेवेची संधी द्या.' वर मी त्यानं काढलेला माळशेजचा एक फोटो निवडला, धुकं, जोडपं, मागं दरी. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे ते चांगलं असणार असं मी धरलं. तिनं दोनदा वाचलं. काही बोलायचं असावं, पण सासऱ्यानं मुलावर लिहिलेलं खोडणार कशी. तिनं ते टाकलं.

दुपारपर्यंत खाली हात जोडलेल्या आकृत्यांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. देव आत्म्यास शांती देवो. त्याच्या शाळासोबत्यांनी, अल्बम छापणाऱ्यानं, मांडववाल्यानं, सगळ्यांनी लिहिलं. तारीख कुणीही विचारली नाही. मयताच्या घरी जाऊन 'मार्गशीर्षात मोकळे आहात का' असं कोण विचारील? मी लिहिलेली ती पोस्ट नव्हती, दुसरा बॅनर होता.

तिसऱ्या दिवशी धसईहून फोन आला. माझा मुलगा असतानाच ठरलेलं काम होतं ते, हळद आणि लग्न दोन्ही. नवरीच्या काकांना मी शाळेत शिकवलेलं, म्हणून त्यांनी तिला न करता मला केला. घरचं सगळं विचारलं, भाताचं विचारलं, मग अडखळले.

"गुरुजी, आमचं काय नाय. पन पोस्ट वाचली बायकांनी. हळदीला सवाष्णी लागतात, तुमाला तर ठावंच हाय. लग्नाला येऊ दे तिला, मांडवात. हळदीला दुसरा कुणी धाडा ना."

मी त्यांना वर्गात काय काय शिकवलं होतं ते मला आठवत होतं, त्यांनाही आठवत असावं. दोघांनीही ते काढलं नाही. मी बरं म्हणालो. खरं तर तिचा नवरा गेला हे धसईला आधीच ठाऊक होतं. दहाव्याला त्या घरचे दोघे आले होते. पण माहीत असणं वेगळं आणि दीप, वारसा, सहधर्मचारिणी अशा शब्दांत ते जाहीर होणं वेगळं. माझ्या मजकुरात ती फोटोग्राफर कुठंच नव्हती. विधवा मात्र ठळक होती.

हे मला तिला सांगावं लागलं. ती भाकऱ्या करत होती. ऐकलं, तव्यावरची उलटली, आणि म्हणाली, "मांडवातले तर ते काढायचे. माझं कामच हळदीचं हाय." मग पुढची थापायला घेतली. मला रागावली असती तर बरं झालं असतं. हळदी गेल्या तर तिचं काम गेलं, हे तिला आणि मला एकदमच कळलं होतं.

संध्याकाळी तिनं माझी पोस्ट काढून टाकली. विचारून काढली, हे तिचं मोठेपण. मग ती आपले फोटो शोधत बसली, फक्त आपले. डिस्कमध्ये दोघांचे सरमिसळ होते. मी विचारलं की ओळखतेस कसे? ती म्हणाली की सोपं आहे. तो उंच होता आणि उभ्यानं काढायचा. त्याच्या फोटोत बायकांचे भांग दिसतात. ती खाली बसून काढते. तिच्या फोटोत चेहरे दिसतात. मी तिच्या शेजारी बसून बघू लागलो. सहा वर्षं एका घरात राहून मी तिचं काम नीट पाहिलं नव्हतं. जात्याला हळकुंड बांधणाऱ्या बायका, आंब्याच्या डहाळ्या, पाटावर पाय आखडून बसलेली नवरी, आणि कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. बायकांना तिचं तिथं असणं जाणवतच नसावं. मला आजवर ते तिचं नवखेपण वाटत होतं.

एका फोटोवर ती थांबली. शहापूरजवळच्या एका घरची हळद. मध्ये लग्नाचे धवले गाणारी म्हातारी, डोळे मिटून, तोंड उघडं, उरलेले दोन दात दिसतायत. बाजूला पिवळीजर्द नवरी ओठ दाबून हसू आवरते आहे. फार सुंदर फोटो होता. आणि उजव्या कडेला दारात एक कोपर, निळ्या चौकड्यांच्या शर्टाचं. त्या शर्टाची बाही मी ओळखतो. गणपतीआधी त्याचे कपडे देऊन टाकले त्यात तो मीच घडी घालून ठेवला होता.

हा पुसायचा राहिला कसा, असं मी विचारलं. म्हातारीसाठी ठेवला होता, म्हणाली, कड कापून द्यायचा होता, राहून गेला. मग तिनं कड आत घ्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, राहू दे. मला वाटतं मी जरा मोठ्यानं म्हणालो.

"नाय बाबा. दुसरा कॅमेरावाला फोटोत आला तर लोक चूक धरतात. त्यांनी पण कापला असता."

ते खरंच होतं. तिनं कड कापली, पण लगेच नाही. कोपरावर बोट ठेवून ती थोडा वेळ बसली, मग कापली. मूळ फोटो तसाच ठेवला आहे, असं तिनं मला उठताना सांगितलं. तो कुठं ठेवला आहे ते मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या नवरीला फोन करून फोटो टाकू का म्हणून विचारलं. नवरी आता कडेवर मूल घेऊन बोलत होती. टाक की, म्हणाली, आजीला दाखवते. मजकूर सुनेनं स्वतः लिहिला आणि मला शुद्धलेखनापुरता दिला. मी तो इथं उतरवून ठेवतो:

'मी लग्नात बायका बसतात तिथे खाली बसून फोटो काढते. हळद लावताना कुणाला कॅमेऱ्याकडे बघायला सांगत नाही, कुणाला परत लावायला सांगत नाही. या फोटोत आजी धवले गात आहेत आणि नवरीला हसायचं नाही असं बजावलेलं आहे. माझ्याकडे आता एकच कॅमेरा आहे, म्हणून एका दिवशी एकच घर. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले दोन मुहूर्त गेले, पुढचे मोकळे आहेत. शहापूर, मुरबाड, धसई, वैशाखरे आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत येते. तारीख ठरल्यावर फोन करा, ठरायच्या आधी केला तरी चालेल.'

पहिले दोन मुहूर्त गेले हे खरं होतं. त्यातला एक धसईचा, फक्त मांडवाचा. मी एक वेलांटी बदलली. एखादं विशेषण घालावं असं हाताला फार वाटत होतं.

चार दिवस फोन नाही. हात जोडलेल्या आकृत्या या वेळी आल्या नाहीत, बायकांची हसरी तोंडं आली, कुणाच्या तरी आजीचं नाव आलं. पाचव्या दिवशी ती नदीवर गोधड्या धुवायला गेलेली असताना तिचा घरी राहिलेला फोन वाजला आणि मी उचलला. वैशाखऱ्याहून एका नवरीची आई बोलत होती, मला गुरुजी म्हणून ओळखणारी. तो म्हातारीचा फोटो ज्यांनी काढला त्याच का, विचारलं. हो म्हणालो. मार्गशीर्षातली तारीख सांगितली, ती मोकळी होती. हळदीला पण यायला पाहिजे, म्हणाली. येईल म्हणालो. मग ती थांबली. पलीकडे बायकांची कुजबूज ऐकू येत होती, कुणीतरी तिला 'विचार गो, विचार' असं म्हणत होतं. मी फोन घट्ट धरला. धसईला बरं म्हणालो होतो. या वेळी काय म्हणायचं ते मी आठवडाभर मनात घोटून ठेवलं होतं, आणि ते चांगलं लांबलचक होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमच्याकं ड्रोन हाय का?"

ड्रोन आमच्याकडे नाही.