उशाचा फोन आणि आईची घागर

देवपुरात आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांआड पाणी येतं. कधी पहाटे तीनला, कधी साडेचारला. वेळ कुणालाच ठाऊक नसते, आणि पाणी सोडणाऱ्यालाही ती ठाऊक नसावी असा माझा संशय आहे. म्हणून गल्लीनं फोनवर एक ग्रुप काढला. पाणी सुटलं की ज्याला आधी जाग येईल त्यानं तिथं लिहायचं, एवढाच त्याचा उद्देश. महिन्याभरात त्यावर सुप्रभात, गुडघेदुखीवरचे काढे, कुणाच्या तरी नातवाचा दात आणि परदेशातल्या लढाया येऊ लागल्या. पाण्याची बातमीही येते, पण ती शोधावी लागते.

या ग्रुपच्या नावावर मी फोन उशाशी घेतला. त्याआधी तो पलंगावर येत नव्हता असं नाही, पण चोरून यायचा. आता त्याला घरचं काम मिळालं. बायको काही म्हणाली की मी म्हणायचो, "अगं, पाण्याचा मेसेज येईल ना." मी कॉलेजात हेडक्लार्क आहे. कुठल्याही आळसाला कारण कसं जोडायचं हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलंय.

पाण्याचा मेसेज बघायला फोन उघडायचो, तो दोन वाजता मिटायचा. आधी ग्रुप. मग कुणीतरी टाकलेली अपघाताची चित्रफीत. तिच्याखाली दुसरी, आणखी वाईट. कुठं पूल पडला, कुठं आग लागली, कुठल्या देशात कोण कुणावर बॉम्ब टाकायला निघालं. पेपरला शेवटचं पान असतं, जेवणात ताट रिकामं होतं. या फोनला तळच नाही. बोट वर सरकवलं की आणखी येतं. मी स्वतःला सांगायचो की माणसानं जागरूक असावं. जागरूक कसला? उताणा पडून, हनुवटीला दोन घड्या पाडून, ज्यांचं मी काही बरं करू शकत नाही आणि वाईटही करू शकत नाही अशा लोकांची संकटं मी चाटत पडलेला असायचो. छातीत धडधड व्हायची, झोप उडायची. मग झोप येत नाही म्हणून पुन्हा फोन.

आई होती तोवर हे खपून गेलं. पाणी भरणं तिचं काम होतं. ती पुढच्या खोलीत झोपायची, नळ उघडा ठेवून त्याखाली पत्र्याची बादली ठेवायची. पहिली धार पडली की बादली ताडताड वाजे आणि आई उठे. आम्ही सकाळी उठलो की ड्रम भरलेले, दारापुढचा ओटा धुतलेला. हे पाणी आपोआप भरतं असाच माझा समज असावा, कारण बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी त्यासाठी एकदाही उठलो नव्हतो.

आई माघात गेली. बादली मी माळ्यावर टाकली आणि बायकोला ऐटीत सांगितलं, "तू झोपत जा. माझ्याकडे ग्रुप आहे."

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात या सणाला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, नैवेद्य दाखवतात. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर फार मोलाची. वडील गेल्यापासून आई त्यांची घागर भरायची ती नळाच्या ताज्या पाण्यानं. एका वर्षी मी ड्रममधलं घे म्हणालो तर अंगावर आली होती. "तुना बापले शिळं पानी देऊ का?"

आता तिची स्वतःची घागर होती, आणि पाण्याची पाळी नेमकी आखाजीच्या पहाटे. इतका चांगला योग. बायकोनं घागर घासून ठेवली, डांगर आणलं. मला एकच काम होतं, उठायचं. त्या रात्री मी दहाला आडवा झालो आणि म्हटलं, ग्रुपवर एकदा बघून घेऊ. बघतो तर दूरच्या कुठल्याशा देशात धरण फुटलेलं. मग काय! गावंच्या गावं वाहून चाललेली, छपरांवर माणसं. मी ते सतरा बाजूंनी पाहिलं. पाण्याची पातळी किती, पुढचं गाव कोणतं, सगळं मला तोंडपाठ झालं. कधीतरी डोळा लागला. फोन छातीवरच, आणि चित्रफीत एकसारखी फिरून फिरून चालू.

सकाळी सात वाजता जाग आली. फोन बॅटरी संपून मेला होता. चार्जिंगला लावून उघडला तर ग्रुपवर पहाटे चार दहाचा मेसेज होता, "पाणी सुटले." त्याच्यावर बेचाळीस जणांच्या आखाजीच्या शुभेच्छा चढल्या होत्या.

बाहेर आलो. पाण्याच्या दिवशी गल्लीत एक रीत आहे, भरून झालं की जो तो आपला ओटा धुतो. सगळी गल्ली ओली होती. आमचा ओटा तेवढा कोरडा.

बायको ड्रमच्या तळाशी वाकून बघत होती. तिनं मान वर केली. "कुठल्या देशात किती पाणी आलं ते तुम्हाला ठाऊक. आपला ड्रम कोरडा आहे ते ठाऊक नाही." मग म्हणाली, "घागरीपुरतं शेजारच्या अक्काकडून आणते."

"नको," मी म्हणालो. का? तर लाज. आईच्या पहिल्या घागरीला पोरगा उठला नाही हे गल्लीला कळेल म्हणून. फोन करून वीस लिटरचा पाण्याचा जार मागवला. निळ्या जारातलं, कुठल्या बोअरचं कोण जाणे ते गाळीव पाणी मी आईच्या घागरीत ओतलं आणि जारवर चादर टाकली. बायको रिकामा ड्रम घासायला लागली.

दुपारी अक्का आली. ती पंचवीस वर्षांपासून आईची शेजारीण, आईसारखीच नळाखाली बादली ठेवून झोपणारी. घागरीला हात जोडले आणि मला म्हणाली, "भरी लिधं ना रे भाऊ पानी? मी कडी वाजाडाले उनी व्हती. पन खिडकीमा उजेड दिखना. माले वाटनं, तू जागाच शे. म्हनीसन वाजाडी नही."

म्हणजे ती आली होती. चार वाजता, आमच्या दारापर्यंत. आणि माझ्या छातीवरच्या फोनचा उजेड बघून परत गेली होती. हा पोरगा आईसाठी जागतोय, असं तिला वाटलं होतं.

"हाव अक्का," मी म्हणालो, "भरी लिधं."

त्या दिवसापासून मी फोनशी भांडायला लागलो. लढाई लांबली आणि बहुतेक फजितीचीच झाली. आधी निश्चय केला. निश्चय दोन दिवस टिकला. मग कॉलेजातल्या एका तरुण मास्तरनं सांगितलं, सेटिंगमध्ये वेळेची मर्यादा लावा, अर्ध्या तासानं ॲप आपोआप बंद पडतं. पडलं की. पण ती मर्यादा लावणारा मी, काढणाराही मीच. मी सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाकली आणि धरणाचं पुढं काय झालं ते पाहिलं. पडदा काळापांढरा करून बघितला. थोडा फरक पडला, कारण काळीपांढरी आग तितकीशी पेटत नाही. पण मला संकटांची इतकी चटक होती की मी तीही गोड मानून घेतली. पिवळसर उजेडाचं बटण दाबलं, डोळ्यांना बरं वाटलं. डोक्यात लढाई चालू असताना डोळ्यांना बरं वाटून काय उपयोग?

शेवटी कळलं ते एवढंच, की हाताच्या अंतरावर ठेवून जे जमत नाही ते दोन खोल्यांच्या अंतरावर जमतं. माझं मन काही सुधारलं नाही, पण पाय आळशी आहेत आणि आळसावर माझा पूर्ण विश्वास आहे. रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला जातो. उशाशी घड्याळ आणलं, किल्लीचं, कारण "गजरासाठी फोन हवा" हे माझं पुढचं कारण तयारच होतं. बातम्यांची ॲपं काढून टाकली. सकाळी पेपर येतो, तो वाचतो, त्यात जग बुडायचं असेल तर बुडालेलं कळतंच. ग्रुप मुका केला. रात्री फोन सगळा गप्प, फक्त बाहेरगावी असलेल्या मुलीचा नंबर निवडून ठेवलाय, तिचा कॉल आला तरच वाजेल. आणि रिकामे हात हा खरा धोका आहे हे बायकोनं ओळखलं. तिनं पुढ्यात दादर ज्वारीनं भरलेलं सूप ठेवलं. "निवडा." मी निवडतो. खडा दिसला की काढून टाकता येतो, आणि सूप कधीतरी संपतं.

पहिले आठ-दहा दिवस बोटं वळवळायची. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो आणि फळीसमोर उभ्यानं अर्धा तास घालवला, असंही झालं. अजूनही महिन्यातून एखाद्या रात्री होतं. बायको आतून विचारते, "तहान फारच लागली वाटतं?"

बादली मी माळ्यावरून काढली. नळ उघडा, खाली बादली, आणि पुढच्या खोलीत आईच्या जागेवर मी. अक्कालाही सांगून आलो, "उजेड असला तरी कडी वाजाडजो." तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि "बरं" म्हणाली.

या वर्षीची आखाजी आली तेव्हा पाणी नेमकं त्याच पहाटे येणार असा गल्लीचा अंदाज होता. चारच्या सुमाराला बादली वाजली. मी उठलो. घागर पहिल्या धारेखाली धरली, मग ड्रम भरले, मग खराटा घेऊन ओटा धुतला. कंबर भरून आली. हे आई सत्तरीत करत होती आणि मी आत घोरत होतो, याचा मला त्या ओल्या ओट्यावर भयंकर राग आला. तिच्यावर नाही, अर्थात.

उजाडलं, घागर मांडली आणि अक्का आली. घागरीला हात जोडले. डांगर थोडं सरळ केलं. जाता जाता दारात थांबून खाली बघितलं.

"औंदा ओटा ओला शे," ती म्हणाली.

मी वर्षभर जी गोष्ट चादरीखाली लपवली होती, ती तिला गेल्या आखाजीच्या सकाळीच आमच्या कोरड्या ओट्यावरून दिसली होती. ती पायरी उतरून आपल्या घरी गेली.

पुढं दरवर्षी मी उठेन, ताजं पाणी भरेन. पण आईची पहिली घागर जारचीच राहिली.